६,३५७ ची भिंत : सपोर्ट आणि रेझिस्टन्सची गोष्ट

घसरणारा भाव एखाद्या ठरावीक जागेजवळ येऊन पुन्हा पुन्हा थांबतो आणि वर वळतो, तेव्हा त्या जागेला बाजारात सपोर्ट किंवा आधार पातळी म्हणतात. चढणारा भाव जिथे पोहोचून वारंवार अडतो ती रेझिस्टन्स किंवा अडथळा पातळी. सपोर्टजवळ घेणारे विकणाऱ्यांना पुरून उरतात आणि रेझिस्टन्सजवळ विकणारे घेणाऱ्यांना, एवढाच याचा अर्थ. चार्टवर ही पातळी पट्टीने आखलेल्या बारीक रेघेसारखी दाखवली जाते, पण व्यवहारात ती रेघ नसते, पट्टा असतो. शेअर ४९५ ला वळेल असे म्हणणारा ट्रेडर तो ४९३ ला वळला किंवा ४९८ ला, तरी आपले बरोबर आले असेच समजतो. हा ऐसपैसपणा सोयीचा आहे, आणि या कल्पनेची बरीचशी दुखणीही त्यातूनच उपजतात.

भारतीय बाजारात या कल्पनेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण निफ्टीच्या ६,३५७ या आकड्याचे आहे. ८ जानेवारी २००८ रोजी निफ्टीने दिवसभरातला ६,३५७ चा उच्चांक गाठला. त्याच महिन्यात बाजार कोसळला आणि जागतिक वित्तीय संकटाच्या तडाख्यात ऑक्टोबर २००८ मध्ये निफ्टी २,२५३ पर्यंत खाली आला. तिथून सावरायला दोन वर्षे गेली. ५ नोव्हेंबर २०१० रोजी दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत निर्देशांक ६,३३८ वर पोहोचला. जुना उच्चांक हाताच्या अंतरावर होता, पण तो ओलांडला गेला नाही. बाजार पुन्हा उतरणीला लागला आणि डिसेंबर २०११ मध्ये ४,५३१ पर्यंत घसरला. मग ३ नोव्हेंबर २०१३ चा मुहूर्त आला. निफ्टी ६,३४३ पर्यंत चढला आणि पुन्हा मागे फिरला. जवळपास सहा वर्षांत तीन शिखरे झाली आणि तिन्ही एकमेकांपासून वीस अंशांच्या आत. पाच-सहा हजारांच्या निर्देशांकात वीस अंश म्हणजे काहीच नव्हे. २०१३ च्या अखेरीस कोणत्याही ब्रोकरच्या कचेरीत हा चार्ट पाहणाऱ्याला तिथे भिंत उभी आहे, हे वेगळे सांगावे लागले नसते.

अशी भिंत उभी राहते ती माणसांच्या आठवणीमुळे, हे यामागचे सर्वांत जुने स्पष्टीकरण आहे. जानेवारी २००८ मध्ये शिखरावर खरेदी केलेला गुंतवणूकदार वर्षभरात निम्म्याहून अधिक रक्कम गमावून बसला. तोट्यात विकायला मन धजत नाही, म्हणून तो माल धरून ठेवतो आणि मनाशी ठरवतो : घेतल्या भावाला आला की बाहेर पडायचे. अशी लाखो माणसे असतील, तर भाव जुन्या शिखराजवळ येताच विक्रीची रांग लागणार. नफ्यातला शेअर लवकर विकायचा आणि तोट्यातला चिकटून धरायचा, ही प्रवृत्ती हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडली. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडच्या हजारो खात्यांच्या नोंदी तपासून ती प्रत्यक्ष दाखवून दिली. सपोर्टच्या बाजूला असतो तो हुकलेल्या संधीचा पस्तावा. ४९५ वरून ५६० ला गेलेला शेअर ज्याने घेतला नाही, तो भाव पुन्हा ४९५ ला यायची वाट पाहत बसतो. ज्याने घाईने विकून टाकला, तोही त्याच भावाला परत शिरायला टपलेला असतो.

दुसरे स्पष्टीकरण कमी भावनिक आहे आणि बहुधा अधिक भक्कमही. ऑर्डरी बाजारात सारख्या पसरलेल्या नसतात, त्यांचे ढीग लागतात. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत संशोधन केलेल्या कॅरल ऑस्लर यांना एका मोठ्या बँकेकडच्या परकीय चलनाच्या ऑर्डरींची वही अभ्यासायला मिळाली. नफा पदरात पाडून घेण्यासाठी आधीच लावून ठेवलेल्या ऑर्डरी नेमक्या गोल आकड्यांवर साचतात, आणि तोटा थांबवणाऱ्या स्टॉपलॉस ऑर्डरी त्या आकड्यांच्या जरा पलीकडे, असे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. या एका निरीक्षणातून चार्टवाल्यांच्या दोन जुन्या अनुभवांचा उलगडा होतो. भाव चढत गोल आकड्याला पोहोचला की तिथे साचलेल्या विक्रीच्या ऑर्डरी त्याला अडवतात. तरीही तो पलीकडे गेलाच, तर मंदीवाल्यांचे स्टॉपलॉस एकामागून एक पेटत जातात. मंदीवाल्याचा स्टॉपलॉस म्हणजे खरेदीची ऑर्डर, त्यामुळे भाव आणखी वर ढकलला जातो. आकड्याजवळ भाव थबकतो आणि आकडा ओलांडला की धावत सुटतो, तो यामुळे. यासाठी चार्ट पाहायचीही गरज नाही. माणसांना ५०० हा आकडा ४९७.३५ पेक्षा आवडतो, एवढे पुरेसे आहे.

तिसरे कारण तर सगळ्यांनाच ठाऊक असते : सगळे त्या पातळीकडे पाहतात, म्हणून ती चालते. वृत्तवाहिन्यांवर सकाळी सांगितलेली निफ्टीची आधार पातळी हजारो पडद्यांवर एकाच वेळी आखली जाते. मात्र ही दुधारी गोष्ट आहे. ४९५ ला सगळे खरेदी करणार हे ठाऊक असलेला ट्रेडर ४९७ लाच घेऊन मोकळा होतो, त्याच्या पुढचा ४९८ ला, आणि सर्वांना माहीत असलेली पातळी अशी हळूहळू पुसट होत जाते.

ट्रेडर या पातळीचा उपयोग कसा करतो, हे पाहताना एक गैरसमज दूर करायला हवा. जाणता ट्रेडर सपोर्टजवळ खरेदी करतो ती भाव वळणारच या खात्रीने नव्हे. आपले चुकले हे तिथे लवकर आणि स्वस्तात कळते, म्हणून. समजा एका शेअरचा सपोर्ट ४९५ ला आहे. ट्रेडर ५०० ला खरेदी करतो, ४९२ ला स्टॉपलॉस लावतो आणि ५१६ ला नफावसुली ठरवतो. चुकले तर शेअरमागे ८ रुपये जाणार, बरोबर आले तर १६ रुपये मिळणार. तोच शेअर ५३० ला घेतला असता, तर आपण चुकलो हे कळेपर्यंत ३८ रुपये गेले असते. पातळी भविष्य सांगत नाही, पण चूक मान्य करायची जागा ती आधीच ठरवून देते. स्टॉपलॉस ४९५ ला न लावता ४९२ ला लावण्यातही हिशेब आहे : नेमक्या पातळीवरचा स्टॉपलॉस हा पट्ट्याच्या ऐन मध्यात सापडतो आणि भाव वळण्याआधीच उडतो.

‘आठ गमवा, सोळा कमवा’ हे गणित शिकवणीवर्गांत फार रंगवून सांगितले जाते. ते नीट तपासण्यासारखे आहे. भावाची चाल निव्वळ नाणेफेकीसारखी असली, प्रत्येक पावलाला वर की खाली हे सारख्याच शक्यतेने ठरत असले, तर ८ रुपये खाली जाण्याआधी १६ रुपये वर जाण्याची शक्यता किती? उत्तर आहे तीनात एक. म्हणजे ९० सौद्यांत ३० वेळा १६ रुपये मिळतील, एकूण ४८०. आणि ६० वेळा ८ रुपये जातील, तेही ४८०. हाती शून्य. दुप्पट नफ्याचे लक्ष्य ठेवल्याने काहीच कमावले जात नाही, कारण लक्ष्य जितके दूर तितके ते गाठणे दुर्मीळ. कमाई व्हायची असेल, तर त्या पातळीने स्वतःहून काही भर घालायला हवी. तीनात एक ही शक्यता तिच्यामुळे वाढायला हवी.

ती वाढते का, याची एक काळजीपूर्वक तपासणी ऑस्लर यांनीच केली आणि ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. जानेवारी १९९६ ते मार्च १९९८ या काळात सहा वित्तसंस्था आपल्या ग्राहकांना डॉलरच्या मार्क, येन आणि पौंडातल्या दरांच्या सपोर्ट-रेझिस्टन्स पातळ्या रोज कळवत असत. ऑस्लर यांनी त्या सगळ्या गोळा केल्या. त्यांच्या तुलनेला त्यांनी संगणकाकडून मनमानी पातळ्यांचे दहा हजार संच बनवून घेतले. मग दर पातळीला पोहोचल्यावर किती वेळा मागे वळला, हे दोन्हीकडे मोजले. जाणकारांनी दिलेल्या पातळ्यांवरून दर साधारण ६० टक्के वेळा वळला. मनमानी पातळ्यांवरून सुमारे ५६ टक्के वेळा.

हे दोन आकडे सावकाश वाचावेत, कारण या विषयातला बहुतेक वाद त्यांत मिटतो. फरक खरा होता, निव्वळ योगायोगाने येणारा नव्हता. सपोर्ट-रेझिस्टन्स म्हणजे शुद्ध भ्रम, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे माघार घ्यावी लागते. पण डोळे मिटून आखलेल्या रेघांवरूनही दर निम्म्याहून अधिक वेळा वळत होताच. ‘बघा, कसा अचूक वळला’ असे चार्टवर बोट ठेवून दाखवता येणाऱ्या उदाहरणांपैकी बहुसंख्य अशीच असतात, पातळी कुठेही आखली असती तरी घडली असती अशी. जाणकारांची करामत उरली ती चार-पाच टक्क्यांची. शिवाय अमुक पातळी भक्कम आणि तमुक कच्ची, अशी जी प्रतवारी काही संस्था करत होत्या, तिचा काहीच उपयोग दिसला नाही. भक्कम ठरवलेल्या पातळ्या कच्च्यांपेक्षा जास्त वेळा टिकल्या नाहीत.

आता ही भर आपल्या शेअरच्या सौद्यात घालून पाहू. चलनबाजारातला आकडा शेअरबाजाराला जसाच्या तसा लागू होत नाही, पण अंदाजासाठी तीनात एक म्हणजे ३३ टक्के ही शक्यता पातळीमुळे ३८ टक्क्यांवर गेली असे धरू. १०० सौद्यांत ३८ वेळा १६ रुपये म्हणजे ६०८, आणि ६२ वेळा ८ रुपये तोटा म्हणजे ४९६. शिल्लक ११२, सौद्यामागे १ रुपया १२ पैसे. डिलिव्हरीच्या सौद्यावर सरकारचा रोखे व्यवहार कर खरेदीला ०.१ टक्का आणि विक्रीला ०.१ टक्का, म्हणजे ५०० च्या शेअरला दोन्ही मिळून जवळपास १ रुपया. मुद्रांक शुल्क साडेसात पैसे. बाजाराचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरला की आणखी काही पैसे. ब्रोकरने छदामही घेतला नाही, तरी सगळी कमाई इथेच संपली. शिवाय स्टॉपलॉस ४९२ चा असला, तरी सकाळी बाजार ४८५ ला उघडला तर विक्री ४८५ च्या आसपासच होते. आठ रुपयांचा तोटा पंधरावर जातो. रात्रीतून आलेली बातमी पातळीचा मान राखत नाही.

कल्पनेची दुसरी मर्यादा डोळ्यांची आहे. शिकागो विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्ये यादृच्छिक अंकांपासून एक कृत्रिम भावाचा चार्ट तयार करून छापला. खऱ्या निर्देशांकाच्या चार्टशेजारी ठेवल्यावर त्यातही तीच शिखरे, त्याच दऱ्या, चार्टवाल्यांच्या ओळखीचे तेच आकार दिसत होते. कारण वरखाली होणाऱ्या कोणत्याही रेघेला वळणे असणारच, आणि वळणे भरपूर असली की त्यांतली काही एकाच उंचीवर सापडणारच. रेघ मागाहून आखायची असेल तर ती नेहमीच बरोबर येते. खरी परीक्षा हवी असेल, तर पातळी आणि तिचा पट्टा आधी लिहून ठेवावा, तारीख घालावी, आणि ती मोडली तर मोडली असे कशाला म्हणायचे हेही त्याच वेळी ठरवावे.

हे ठरवणे किती अवघड असते, ते पुन्हा निफ्टीच्या भिंतीकडे गेल्यावर दिसते. ६,३५७ हा दिवसातला उच्चांक होता. २००८ मधला सर्वाधिक बंद भाव मात्र ६,२८८ होता. काही ट्रेडर दिवसातल्या टोकाला महत्त्व देतात, काही बंद भावाला. दोन्ही पंथांची पुस्तके आहेत. बंद भाव मानणाऱ्यांच्या हिशेबाने भिंत ५ नोव्हेंबर २०१० रोजीच पडली, कारण त्या दिवशी निफ्टी ६,३१२ वर बंद झाला. नवा विक्रमी बंद, तोही लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला! त्या भरवशावर खरेदी करणाऱ्याने वर्षाहून थोड्या अधिक काळात निर्देशांकाची २८ टक्के घसरण पाहिली. मुहूर्ताचा बाजार तासाभराचा, त्यात शकुनाची खरेदी जास्त आणि उलाढाल बेताची, असे म्हणून तो दिवस बाजूला ठेवता येईल. पण हे सांगणारे त्या संध्याकाळी कमी आणि नंतर फार, असेच नेहमी होते.

दिवसातले टोक मानणाऱ्यांचेही पुढे फार वेगळे झाले नाही. ८ डिसेंबर २०१३ रोजी चार राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले आणि दुसऱ्या दिवशी निफ्टी ६,४१५ पर्यंत उसळला. दिवसअखेर तो ६,३६४ वर बंद झाला. ६,३५७ च्या वर, आणि तेही बंद भावाने! दोन्ही पंथांच्या कसोटीला भिंत कोसळली होती. आठवडा संपेपर्यंत निर्देशांक ६,२०० च्या खाली होता. जानेवारीत तो पुन्हा भिंतीला डोके टेकवून आला आणि फेब्रुवारी २०१४ च्या सुरुवातीला ५,९५० च्याही खाली गेला. अशा फसव्या उसळीला ट्रेडर फॉल्स ब्रेकआउट म्हणतात. तिला हे नाव ती फसल्यानंतरच मिळते. ७ मार्च २०१४ रोजी निफ्टी ६,५२७ वर बंद झाला तेव्हा भिंत खरोखर पडली. मे महिन्यात लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निर्देशांकाने ७,५०० चा आकडाही पाहिला. ९ डिसेंबरचा चार्ट आणि मार्चमधला चार्ट यांत त्या-त्या दिवशी दिसण्यासारखा फरक फारसा नव्हता.

या उदाहरणात आठवणीचे स्पष्टीकरणही थोडे लंगडे पडते. निर्देशांक ६,३५७ ला परतला म्हणून २००८ चे सगळे गुंतवणूकदार घेतल्या भावाला परतले, असे मुळीच नव्हते. मधल्या काळात आयटी आणि औषध कंपन्यांचे शेअर खूप वर गेले होते, तर २००८ च्या तेजीचे लाडके बांधकाम आणि पायाभूत सुविधांचे शेअर गाळातच होते. परदेशी गुंतवणूक संस्था २०१३ मध्ये मोठ्या खरेदीदार होत्या आणि त्यांचा हिशेब डॉलरचा. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०१३ मध्ये तो ६१ च्या वर. त्यांच्या दृष्टीने जुने शिखर १६२ डॉलरचे आणि डिसेंबरचे १०५ चे. त्यांना भिंत दिसायला हवी होती ती अजून पन्नास टक्के वर. महागाई धरली तर रुपयांत गुंतवणारासुद्धा बराच मागे होता. तरीही बाजार अडला तो रुपयांतल्या त्या नुसत्या आकड्यालाच. लोकांच्या खिशातल्या नफातोट्यापेक्षा पडद्यावरच्या आकड्याचीच ही भिंत अधिक होती, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

आकड्याच्या या ठिसूळपणाची एक साधी खूण शेअरच्या चार्टवर रोज पाहता येते. कंपनीने एकास एक बोनस दिला की भाव निम्मा होतो आणि चार्ट बनवणारी प्रणाली मागचे सगळे भाव निम्मे करून टाकते. लाभांशासाठी काही प्रणाली मागचे भाव कमी करतात, काही करत नाहीत. त्यामुळे एकाच शेअरची जुनी आधार पातळी एका पडद्यावर ४९५ आणि दुसऱ्यावर ४८१ दिसू शकते. दोन चार्टांवर पातळी वेगळी दिसली, तर आधी हे समायोजन तपासायचे असते.

उरते ते भूमिकाबदलाचे सूत्र. मोडलेला रेझिस्टन्स पुढे सपोर्ट बनतो, असे तांत्रिक विश्लेषणाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असते, आणि भाव मोडलेल्या पातळीवर परत टेकायला येईल तेव्हा खरेदी करा, हा त्यावरचा नेहमीचा सल्ला. मार्च २०१४ मध्ये भिंत पडल्यावर हा सल्ला मानून किती तरी जण ६,३५७ ची वाट पाहत थांबले असतील. त्यानंतरच्या मोठ्या घसरणीत, फेब्रुवारी २०१६ मध्ये, निफ्टी ६,८२६ पर्यंत आला आणि तिथूनच वळला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धसक्याने बाजार कोसळला तेव्हाही तो ७,५११ ला थांबला. सहा वर्षे बाजाराला अडवणारी ती पातळी आधार म्हणून टिकली असती की नाही, याची परीक्षा अजून झालेलीच नाही.